टर्शरी ब्युटिल मिथिल ईथर: बनवताना कोणती जोडी घ्यावी, आणि HI ते कुठे तोडतो

विल्यमसन पद्धतीने हे ईथर बनवायचं म्हटलं की कागदावर दोन जोड्या दिसतात. एकीत सोडियम मेथॉक्साइड आणि टर्शरी ब्युटिल ब्रोमाइड, दुसरीत पोटॅशियम टर्शरी ब्युटॉक्साइड आणि मिथिल आयोडाइड. माझं मत स्पष्ट आहे: दुसरीच घ्या.

पहिल्या जोडीत मेथॉक्साइडला ब्रोमीनच्या मागच्या बाजूने कार्बनवर धडकायचं असतं. पण त्या कार्बनभोवती तीन मिथिल गट दाटीवाटीने उभे आहेत, शिरायला जागाच नाही. मेथॉक्साइड तीव्र आम्लारी आहे. मग तो शेजारच्या मिथिलमधला हायड्रोजन ओढून घेतो आणि आयसोब्युटीन तयार होतं. ते उणे ७ अंशांलाच उकळतं, म्हणून फ्लास्कमधून वायूचे बुडबुडे सुटतात. हा वायू ब्रोमीनच्या पाण्यात सोडला की तांबूस रंग उडतो. ईथर हातातून निसटल्याची ती खूण.

दुसऱ्या जोडीत दाटी ऑक्सिजनच्या बाजूला आहे आणि हल्ला मिथिलवर होतो. मिथिल कार्बन मोकळा आहे. शिवाय त्याच्या शेजारी दुसरा कार्बनच नसल्याने तिथे विलोपन शक्यच नाही. टर्शरी ब्युटॅनॉलवर सोडियम फार रेंगाळतं, म्हणून पोटॅशियम. ३.९ ग्रॅम पोटॅशियमला १४.२ ग्रॅम मिथिल आयोडाइड लागतं आणि सगळं जुळलं तर ८.८ ग्रॅम ईथर मिळू शकतं. मिथिल आयोडाइड विषारी आणि उडून जाणारं आहे, त्यामुळे काम फ्यूम हूडमध्येच करायचं.

आता हेच ईथर संहत HI मध्ये घाला. इथे विद्यार्थी हमखास फसतात. बनवताना आयोडीन मिथिलवर होतं, म्हणून तोडतानाही मिथिल आयोडाइडच लिहितात. पण आधी ऑक्सिजनवर H⁺ बसतो, मग टर्शरी ब्युटिलचा बंध आपोआप सुटून स्थिर कार्बोकॅटायन बनतो आणि आयोडाइड त्याला चिकटतो. म्हणून टर्शरी ब्युटिल आयोडाइड आणि मेथॅनॉल मिळतात. जी दाटी मागून येणाऱ्याला अडवत होती, तीच इथे बंध सुटायला मदत करते. HI जास्त घेऊन तापवलं, तर मेथॅनॉलचंही मिथिल आयोडाइड होतं.

दोन्ही बाजूंना साधे प्राथमिक अल्किल गट असतील तर गोष्ट उलटते: आयोडाइड लहान, मोकळ्या गटावर जातो. ॲनिसोलमध्ये मिथिल आयोडाइड आणि फिनॉल मिळतात, आयोडोबेन्झीन नाही. वलयाला जोडलेला C–O बंध या मार्गाने तुटत नाही. त्याच कारणाने ॲनिसोल बनवतानाही ब्रोमोबेन्झीन आणि मेथॉक्साइड ही जोडी निरुपयोगी. सोडियम फिनॉक्साइड आणि मिथिल आयोडाइडच घ्यावं लागतं.