दुधाच्या दाताची लाकडी डबी: फोंड्यातल्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

मुलीचा पहिला दात हलायला लागला तेव्हाच ही डबी ऑनलाइन मागवली होती, ४४९ रुपयांना. वर नाव कोरलेलं, आत जबड्याच्या आकारात वीस खाचा आणि प्रत्येक खाचेखाली तारीख लिहायला जागा. आता अख्खा पावसाळा काढून झालाय म्हणून लिहितेय, कारण रिव्ह्यूमध्ये सगळे डबी हातात आल्या दिवशीचे फोटो टाकतात आणि पाच स्टार देऊन मोकळे होतात, त्यातून काय कळणार.

डबी दिसायला छान आहे यात वाद नाही. पण वीसच्या वीस खाचा एकाच मापाच्या गोल आहेत आणि पहिला दात बहुतेक मुलांचा खालचा पुढचा पडतो, साधारण सहाव्या-सातव्या वर्षी, जो वीस दातांत सगळ्यात लहान असतो. जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद. दाढेच्या मापाच्या खाचेत तो खुळखुळतो आणि झाकण जरा सैल असलं की बाहेरच येतो. घरात रांगतं बाळ असेल तर हा प्रकार अजिबात चालणार नाही, तोंडात घालायला नेमक्या मापाची वस्तू आहे ती.

दात पडला जूनमध्ये, पेरू खाताना. हिरडीवर कापूस दाबून धरल्यावर पाच-दहा मिनिटांत रक्त थांबलं. दात हातात घेऊन बघितला तर खाली मूळच नाही! सासूबाई घाबरल्या, म्हणाल्या तुकडा आत राहिला गो. डेंटिस्टला दाखवलं तर ती हसली. नवीन दात खालून वर यायला लागला की दुधाच्या दाताचं मूळ शरीरच हळूहळू विरघळवतं, म्हणून तर तो हलायला लागतो, आणि पडतो तेव्हा नुसता वरचा भाग हातात येतो. उलटा करून बघा, खालून वाटीसारखा पोकळ असतो, कडा खडबडीत आणि आत लालसर. तुटलेला असता तर हिरडीत टोचणारा तुकडा दिसला असता आणि मुलगी दुखतंय म्हणून रडली असती, इथे ती आरशासमोर दाताच्या खिडकीतून जीभ बाहेर काढत बसली होती.

ती लालसर वाटी डबीच्या दृष्टीने महत्त्वाची, कारण तिच्यात मांसाचा बारीक अंश राहतो. तो तसाच बंद केला तर वास येतो आणि दात आतून काळपट पडतो. डबीबरोबरच्या चिठ्ठीत यातलं काहीही नाही, फक्त "आठवणी जपा" वगैरे. आम्ही केलं ते असं: साबणाच्या पाण्यात मऊ टूथब्रशने घासला, मग केमिस्टकडचं हायड्रोजन पेरॉक्साइड. आपल्याकडे बहुतेक ६ टक्केवालं मिळतं, त्यात तेवढंच पाणी घालून पाचेक मिनिटं दात बुडवला. मांस असेल तिथून फेस येतो, फेस थांबला की समजायचं झालं. मग धुऊन सावलीत वाळवला. उकळू नका आणि उन्हातही ठेवू नका, एकदम कोरडा झाला की वरच्या चकाकत्या थरावर केसासारख्या चिरा पडतात. बाटली पोरांच्या हाताला लागेल अशी ठेवू नका हे सांगायला नकोच.

आता मुख्य तक्रार. जुलैत इथे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, कपाटातल्या साड्यांवर येते, तर या डबीने काय घोडं मारलंय. बाहेरून वॉर्निश आहे पण खाचांच्या आत लाकूड कोरंच सोडलंय, आणि नेमकं तिथेच राखाडी-हिरवी बुरशी धरली. झाकण फुगलं आणि बंदच होईना. विकणाऱ्याला फोटो पाठवले तर उत्तर आलं "कोरड्या जागी ठेवा". दादा, ऑगस्टात गोव्यात कोरडी जागा दाखव, मी स्वतः तिथे राहायला जाते.

दाताला काही झालं नव्हतं. धुऊन-वाळवून एका इवल्याशा काचेच्या बाटलीत घातला, स्क्रूच्या झाकणाची, अत्तराची असते तसली. आत कापूस घातला नाही, कारण तो ओल धरतो आणि त्याचे तंतू त्या खडबडीत कडेला असे अडकतात की काढताना कडाच तुटते. पातळ कागदाची घडी पुरते. सिलिका जेलची पुडी बाटलीत न घालता बाहेरच्या स्टीलच्या डब्यात ठेवली, म्हणजे ओल आवरते पण दात खडखडीत वाळत नाही. तेव्हापासून आजपर्यंत पांढराच आहे. लाकडी डबी पुसून, ऊन दाखवून आता नुसती तारीख लिहायला ठेवलीय.

आणि घरातला कार्यक्रम. डबी आणली तेव्हाच सासूबाईंनी तोंड वाकडं केलं होतं, दात कौलांवर टाकायचा आणि उंदीरमामाकडून नवा मागायचा हे त्यांचं ठरलेलं. आमच्या फ्लॅटला कौलं कुठली, वर स्लॅब आणि त्यावर सोसायटीची टाकी. म्हणून सत्तरी तालुक्यातल्या मूळ घरी गणेशचवथीला सगळे जमतात तेव्हा करायचं ठरलं. मुलीची आयडिया अशी की गणपतीसमोरच उंदीर बसलेला असतो तर त्यालाच डायरेक्ट दाखवू. सासूबाईंनी साफ नाही म्हटलं, दात म्हणजे हाड, गणपतीवर फळं-पानं बांधलेल्या माटोळीखाली ओवळं चालायचं नाही. बरोबरच होतं त्यांचं. मग तडजोड झाली: पहिला दात आईच्या बाटलीत, त्याच्या बदल्यात तांदळाचा दाणा कौलांवर, आणि पुढचे सगळे दात खरेखुरे उंदीरमामाला.

अंगणात उभी राहून तिने दाणा फेकला, "उंदीरमामा, जुना घे, नवा दे" म्हणत. पहिल्यांदा दाणा पागोळीबरोबर परत पायाशी आला, मग काकाने खांद्यावर घेतलं तेव्हा वर राहिला. चुलत भावंडांनी लगेच आपापले हलणारे दात दाखवायला सुरुवात केली. सासूबाईंनी तिला नेवरी दिली, ती पुढचा दात नसल्यामुळे बाजूच्या दाताने खाताना आतलं सगळं चून फ्रॉकवर. नंतर तिने डबीच्या कार्डावर स्वतः तारीख लिहिली, उलट्या ५ सकट, आणि मला विचाराल तर दातापेक्षा ते कार्डच जास्त जपण्यासारखं आहे.

दिवाळीच्या सुमारास शेजारचा दात पडला, तो खरंच कौलांवर गेला. पहिल्याच्या जागी तोवर नवा आलेला, वरची कड करवतीसारखी आणि रंग दुधाच्या दातांपेक्षा पिवळसर. कोणी ब्रश नीट करत नाही म्हणून ओरडू नका, नवे दात असेच असतात आणि कड वापराने झिजून सरळ होते.

म्हणजे वीसच्या वीस खाचा आमच्याकडे रिकाम्याच राहणार. ज्यांना सगळे दात ठेवायचेत आणि जे कोरड्या गावी राहतात त्यांनी घ्या, पण आधी विकणाऱ्याला दोन गोष्टी विचारा, खाचांच्या आत पॉलिश आहे का आणि पुढच्या दातांच्या खाचा लहान आहेत का. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी काचेची बाटली आणि एक जाडसर कार्ड घ्यावं, पन्नास-साठ रुपयांत काम होतं. माझ्याकडून अडीच स्टार, त्यातला एक नुसता नावाच्या कोरीवकामाला.