सीसीटीव्हीची क्लिप पेन ड्राइव्हवर काढणं: सात महिन्यांच्या वापरानंतर

इंदूरला लोकमान्य नगरात आमची आठ फ्लॅटची जुनी इमारत आहे. सात महिन्यांपूर्वी वर्गणी काढून चार कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, म्हणजे चार चॅनलचा डीव्हीआर बसवला. आत 1 टीबीची हार्ड डिस्क आहे. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका कंपनीची नाहीच. चित्र छान येतं, रात्री गेटसमोरच्या गाडीचा नंबर वाचता येतो, डबा एकदाही बंद पडलेला नाही. त्याबद्दल एवढंच. खरी परीक्षा झाली ती क्लिप बाहेर काढायची वेळ आली तेव्हा.

दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींच्या स्कूटीला रात्री एका लोडिंग रिक्षाने मागे घेताना ठोकलं आणि चालक पसार झाला. समोरच्या दुकानातल्या पोराने पाहिलं, वेळ सांगितली 10:35. मी डीव्हीआरवर 10:35 लावलं तर गेटवर चिटपाखरू नाही. अर्धा तास पुढे-मागे केल्यावर रिक्षा सापडली 10:42 ला. पोरगा बरोबर होता, डीव्हीआरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं. तेव्हापासून शोधाशोध करण्याआधी मी थेट चित्रावरची वेळ आणि मोबाइलची वेळ शेजारी धरून पाहतो, आणि फरक असला तर क्लिप देताना कागदावर लिहून देतो.

मग पेन ड्राइव्ह. मुलाचा 64 जीबीचा लावला, तर स्क्रीनवर काहीच दिसेना. मला वाटलं पोर्ट खराब. पण एवढे मोठे ड्राइव्ह दुकानातून बहुतेक exFAT फॉरमॅटमध्ये येतात आणि आमच्या डीव्हीआरला FAT32 लागतं. घरातला जुना 16 जीबीचा ड्राइव्ह कंप्यूटरवर FAT32 ने फॉरमॅट केला, लगेच ओळखला.

Backup मध्ये जाऊन मी कॅमेरा 1 निवडला, यादीतल्या फाइलवर टिक केली आणि बटण दाबलं. ती फाइल आख्ख्या तासाची निघाली, साधारण 460 एमबी. हवी होती पाच मिनिटं. सुरुवातीची आणि शेवटची वेळ स्वतः भरून पुन्हा शोधलं, तेव्हा 38 एमबीची नेमकी क्लिप मिळाली. दुसऱ्या दिवशी पोहे खाऊन पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारसाहेबांनी ड्राइव्ह लावला, दोनदा क्लिक केलं आणि म्हणाले, "भिया, ये तो खुल ही नहीं रहा."

फाइलचं नाव .dav ने संपत होतं. हे डीव्हीआर बनवणाऱ्यांचं स्वतःचं पाकीट आहे. ते उघडणारा प्लेअर डीव्हीआर ड्राइव्हवर सोबत टाकतो खरा, पण सरकारी कंप्यूटरवर बाहेरचं सॉफ्टवेअर कोण चालवू देणार? घरी येऊन मी अतिशहाणपणा केला: नाव बदलून .mp4 केलं. पाकिटावरचं नाव बदललं, आतलं पत्र तेच राहिलं. मग शेजारच्या इंजिनीअरिंगच्या पोराने व्हीएलसी प्लेअरमध्ये काही सेटिंग बदलून ती चालवून दाखवली, तर रिक्षा चार्ली चॅप्लिनसारखी पळत होती आणि पाच मिनिटांची क्लिप तीन मिनिटांत संपली. कॅमेरा सेकंदाला 15 चित्रं घेतो, व्हीएलसी ती 25 धरून दाखवत होता. चित्राच्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि प्लेअरचं घड्याळ एका वेगाने चालत नसतील तर हाच घोटाळा समजायचा.

पुन्हा डीव्हीआरकडे. Backup च्या पानावर File Format अशी छोटी चौकट होती, त्यात DAV ऐवजी MP4 निवडता येत होतं. आधी दिसलंच नव्हतं. MP4 काढली, ठाण्यात गेलो. या वेळी खिडकी उघडली, पण चित्र काळं. माझ्या घरच्या कंप्यूटरवर तीच फाइल मस्त चालत होती, म्हणून मला हे आणखीच झोंबलं.

कोडं सुटलं व्हीएलसीमध्ये. फाइल लावून Ctrl+J दाबलं की आतला व्हिडिओ कोणत्या प्रकारे दाबलाय ते दिसतं. तिथे HEVC (H.265) लिहिलं होतं. पाकीट MP4 चं, आतली भाषा H.265. ही भाषा जागा कमी खाते म्हणून बसवणारा तीच लावून जातो, पण बऱ्याच विंडोज कंप्यूटरला ती आपणहून वाचता येत नाही. H.264 मात्र जवळपास सगळीकडे चालते. म्हणजे पाकीट MP4 आणि आत H.264, दोन्ही जमलं तरच क्लिप कुठेही उघडणार.

झालेलं रेकॉर्डिंग डीव्हीआरमध्ये बदलता येत नाही, कंप्यूटरवरच बदलावं लागतं. त्याच इंजिनीअरिंगच्या पोराने ffmpeg हे व्हिडिओ बदलणारं फुकटचं सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि ही एक ओळ लिहून दिली:

```
ffmpeg -i gate.dav -c:v libx264 -crf 20 -pix_fmt yuv420p -an gate.mp4
```

यातलं `-an` म्हणजे आवाज गाळणं. आमच्या कॅमेऱ्यांना माइक नाही म्हणून चालतं. तुमच्याकडे आवाज असेल तर त्याऐवजी `-c:a aac` लिहा. ffmpeg जुनं असेल तर .dav वाचत नाही, नवं घ्यावं. निघालेली फाइल बरोबर पाच मिनिटांची होती, वेगही ठीक. ठाण्यातल्या कंप्यूटरवर तिसऱ्या खेपेला चालली.

मूळ .dav मात्र मी त्याच ड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवून दिली. बदललेली फाइल बघायला सोयीची, पण पुरावा म्हणून मूळच मोलाची. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खाली अशा फाइलसोबत जे प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश, म्हणजे तिच्यावरून निघणारा ओळखीचा आकडा, हीही लिहायची असते. विंडोजमध्ये ती अशी निघते:

```
certutil -hashfile gate.dav SHA256
```

एक अक्षर जरी फाइलमध्ये बदललं तरी हा आकडा पूर्ण बदलतो, म्हणून तो क्लिप काढल्याच्या दिवशीच लिहून ठेवायचा.

पुढच्यासाठी मला वाटलं, सगळे कॅमेरे H.264 वर टाकून मोकळं व्हावं. पण हिशेब मांडला तर पोटात गोळा आला. आमच्याकडे H.265 ला दर कॅमेऱ्यामागे 1024 केबीपीएस, म्हणजे सेकंदाला तेवढे किलोबिट, लावलं होतं, चारही कॅमेऱ्यांचं मिळून सुमारे 22 दिवसांचं रेकॉर्डिंग राहायचं. H.264 ला तेवढंच स्वच्छ चित्र हवं तर 2048 लागतं, मग 11 दिवसांतच जुनं पुसलं जाणार. आमचे लोक तर गावाहून परतल्यावर पंधरा दिवसांनी "माझी कुंडी कोणी फोडली" विचारायला येतात. शेवटी फक्त गेटचा कॅमेरा H.264 वर टाकला, बाकी तीन तसेच. त्यामुळे साधारण 18 दिवस मिळतात, आणि भांडणं बहुतेक गेटवरचीच असतात.

तो 16 जीबीचा ड्राइव्ह आता डीव्हीआरशेजारी खिळ्याला टांगलेला असतो. महिन्यातून एकदा दोन मिनिटांची क्लिप काढून खालच्या मजल्यावरच्या आजोबांच्या लॅपटॉपवर लावून बघतो, कारण इमारतीत त्याहून जुनं यंत्र नाही. डीव्हीआरला इंटरनेट दिलेलं नाही, त्यामुळे घड्याळ हातानेच लावावं लागतं. गेल्या रविवारी पाहिलं तर परत 40 सेकंद पुढे गेलं होतं.