युरोच्या पेमेंटसाठी स्टँडर्ड डेव्हिएशन, आठ महिने वापरून

शिरोली एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे, हिशोब मी बघतो. जर्मनीहून मशीन मागवलं, अॅडव्हान्स गेला आणि ४०,००० युरो तीन महिन्यांनी द्यायचे राहिले. भाव ९० धरला तर ३६ लाख. मालकांनी विचारलं, भाव वाढला तर म्हणून वर किती बाजूला ठेवू? आधी आम्ही डोळे झाकून ५ टक्के धरायचो, ह्यावेळी मात्र मोजलं.

चलनांचे भाव जाहीर करणाऱ्या एफबीआयएल ह्या संस्थेचे रोजचे रेफरन्स रेट काढले, एक्सेलमध्ये बी कॉलमला भाव आणि सी कॉलमला रोजचा रिटर्न, म्हणजे आदल्या दिवसापेक्षा भाव किती हलला ते, मग शेवटी स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे हे रोजचे रिटर्न सरासरीपासून साधारण किती लांब जातात तो आकडा:

```
=LN(B3/B2)
=STDEV.S(C3:C242)
```

पहिल्यांदा ०.३६ टक्के आलं आणि मी खूश, पण रिटर्न वर-खाली चाळताना दिसलं की ठरावीक अंतरावर शून्यच शून्य. शनिवार-रविवारी आदल्या दिवसाचाच भाव भरलेली शीट मी वापरली होती, त्या शून्यांनी आकडा खाली ओढलेला. सुट्ट्या काढल्यावर खरं ०.४५ आलं. तुमच्या शीटमध्ये वर्षाला २४० च्या आसपास ओळी असायला पाहिजेत, ३६५ दिसल्या की समजा घोळ आहे.

पुढचं सोपं. तीन महिन्यांत कामाचे दिवस साधारण ६२, त्याचं वर्गमूळ ७.८७, गुणिले ०.४५ म्हणजे ३.५ टक्के. वीसपैकी एकोणीस वेळा पुरावं म्हणून १.६५ ने गुणलं, ५.८ टक्के, म्हणजे २ लाख १० हजार. (इथं ६२ च्या जागी ९० घालू नका, भाव कामाच्या दिवशीच हलतो.)

मालक म्हणाले, एक लाखाच्या वर मला झेपणार नाही. मग निम्म्याहून थोडं जास्त, २१,००० युरो बँकेत फॉरवर्ड बुक केले, म्हणजे पेमेंटच्या दिवसाचा भाव आधीच ठरवून टाकला, आणि १९,००० उघडे ठेवले, त्यावरचा धोका बरोबर लाखाच्या आत बसतो. फॉरवर्डला ९० पैसे जादा लागले, ते जवळपास १९ हजार बजेटमध्ये वेगळे धरले कारण तो नक्कीचा खर्च आहे, ह्या आकड्यात तो येत नाही. पेमेंटच्या दिवशी युरो ९३ होता, उघड्या भागावर ५७ हजार जादा गेले आणि कुणाचीही झोप उडाली नाही.

पण डॉलरला हेच लावताना मी फसलो. अमेरिकेला जाणाऱ्या कास्टिंगच्या बिलांसाठी शेवटच्या ६० दिवसांवरून ०.१२ आलं आणि बफर, म्हणजे बाजूला ठेवायची रक्कम, अगदी बारका ठरवला. रिझर्व्ह बँक बाजारात उतरून रुपया सांभाळत असली की डॉलर शांत दिसतो, ती शांतता आकड्यात उतरते पण ती कधी संपेल ते उतरत नाही, आणि आमची बिलं अडकलेली असतानाच भाव बफरच्या बाहेर सरकला. तेव्हापासून ६० दिवसांचा आणि २४० दिवसांचा असे दोन्ही काढतो आणि मोठा असेल तोच धरतो, दर सोमवारी सकाळी, बँकेला फोन लावायच्या आधी.