Mp3tag आठ महिने वापरल्यानंतर: नव्वद फायलींची कादंबरी एका क्रमात लावताना

आईच्या दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यावर तिचे वाचन काही काळ बंद पडले, आणि दादरच्या घरात सहा सीडींच्या संचात पडून असलेली एक जुनी कादंबरी मी संगणकावर उतरवून तिला एका छोट्या प्लेअरमध्ये भरून दिली. चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "अगं, हा माणूस काल वारला ना? मग आज तो जेवायला कसा बसलाय?" प्लेअर लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला होता. दुकानदाराने तो बदलून देण्यास ठाम नकार दिला आणि दोष फायलींचा असल्याचे सांगितले. मला त्याचा फार राग आला होता, पण पुढच्या आठवड्यात त्याचे म्हणणे अर्धे बरोबर असल्याचे माझ्या लक्षात आले. त्या अर्ध्याची दुरुस्ती मी Mp3tag या विंडोजवरील मोफत प्रोग्रॅमने केली; ध्वनिफाइलच्या आत शीर्षक, अल्बम, क्रमांक अशी जी माहिती लिहिलेली असते, म्हणजे टॅग, ती तो बदलतो. उरलेल्या अर्ध्यासाठी या प्रोग्रॅमचा उपयोग नाही, आणि हे समजायला मला जवळजवळ दोन महिने लागले.

संच असा होता: सहा सीडी, त्यांवर अनुक्रमे 15, 14, 16, 15, 17 आणि 13 ट्रॅक, एकूण 90. सीडी उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने प्रत्येक सीडीची मोजणी पुन्हा एकपासून केली, त्यामुळे ट्रॅक क्रमांक 1 असलेल्या फायली सहा झाल्या. शिवाय अल्बमचे नाव सीडीगणिक वेगळे पडले, म्हणजे शेवटी "भाग 1", "भाग 2" अशी शेपटी लागली. त्यामुळे फोनमधल्या प्लेअरला ही एक कादंबरी न वाटता सहा वेगळी पुस्तके वाटली. टॅगमध्ये डिस्क क्रमांकाचा वेगळा रकाना असतो आणि तो भरला की काम होते, असे सगळीकडे लिहिलेले असते. फोनवरचे चांगले प्लेअर तो वाचतातही. पण साधी उपकरणे तो रकाना अनेकदा पाहतच नाहीत, आणि मग सहाही सीडींचे पहिले ट्रॅक आधी, सहाही दुसरे त्यानंतर, असा कथेचा चिवडा होतो. म्हणून ऑडिओबुकासाठी डिस्क क्रमांकाच्या भानगडीत न पडता सगळ्या ट्रॅकना सलग क्रमांक द्यावेत, असे माझे आता पक्के मत झाले आहे. तिसऱ्या सीडीचा पहिला ट्रॅक हा 30 क्रमांकाचा, कारण त्याआधी 15 अधिक 14 ट्रॅक झालेले आहेत.

या प्रोग्रॅममध्ये ते काम दोन मिनिटांचे आहे. सहाही फोल्डर एकदम उघडायचे, यादी फोल्डरच्या आणि मग फाइलनावाच्या क्रमाने लावायची, सगळ्या ओळी निवडून Ctrl+K दाबायचे, आणि आपोआप क्रमांक देणाऱ्या खिडकीत प्रत्येक फोल्डरला मोजणी पुन्हा सुरू करण्याची खूण काढून टाकायची. मग अल्बमचे नाव सगळ्यांना एकच द्यायचे. आमच्या संचात चौथ्या सीडीवर एका प्रकरणापुरता दुसरा वाचक आहे, आणि तेवढ्या कारणाने काही प्लेअर कादंबरीचे दोन तुकडे करत होते. Album Artist या रकान्यात सर्व 90 फायलींना एकच नाव भरल्यावर तो प्रश्न मिटला. वाचकाचे खरे नाव Artist मध्ये तसेच राहू दिले.

इथेच माझी पहिली मोठी चूक झाली, आणि ती मराठी संग्रह असणाऱ्या प्रत्येकाने नीट वाचावी. क्रमांक देण्याची ही सोय फायलींच्या आशयाकडे पाहत नाही. पडद्यावर ओळी ज्या क्रमाने दिसत असतात, त्याच क्रमाने ती 1, 2, 3 देत जाते. आदल्या रात्री मी शीर्षकाच्या रकान्यावर टिचकी मारलेली होती, त्यामुळे यादी शीर्षकानुसार लागलेली होती, आणि शीर्षके होती "प्रकरण पहिले", "प्रकरण दुसरे" अशी. अक्षरक्रमाने लावली की ही शीर्षके आठवे, चौथे, तिसरे, दहावे, दुसरे, नववे, पहिले, पाचवे, सहावे, सातवे अशा क्रमाने येतात. संगणकाला तिथे अंक दिसत नाहीत, फक्त आ, च, त, द, न, प, स ही अक्षरे दिसतात. 90 फायलींवर मी चुकीचे क्रमांक उमटवले आणि प्रोग्रॅम बंद करून मोकळी झाले. मूळ फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर होती म्हणून पुन्हा सुरुवात करता आली. Ctrl+Z ने केलेले बदल मागे घेता येतात, पण त्यासाठी चूक वेळेत लक्षात यायला हवी.

म्हणून क्रमांक देण्याआधी मी आता सीडी बदलण्याच्या पाच जागा तपासते. 15 चा शेवट आणि 16 ची सुरुवात, मग 29 आणि 30, 45 आणि 46, 60 आणि 61, 77 आणि 78. प्रत्येक ठिकाणी अर्धा मिनिट ऐकले की वाक्य पुढे जुळते की नाही ते कळते. सगळ्या 90 फायली ऐकण्याची गरज पडत नाही.

टॅग बरोबर झाल्यावर फोनमध्ये कादंबरी सुरळीत चालू लागली आणि मुलुंड ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रोजच्या प्रवासात मी तिची पहिली तीस प्रकरणे ऐकली. आईच्या प्लेअरमध्ये मात्र फरक पडला नाही, पहिल्यानंतर दहावे प्रकरणच लागत राहिले. त्या वेळी मी या प्रोग्रॅमला दोन तारे देणार होते. दोष प्रोग्रॅमचा नव्हता. तो प्लेअर टॅगकडे पाहतच नव्हता. फाइलनाव मजकूर म्हणून वाचले की 1 नंतर 10, 11, 12 येतात आणि 2 त्यांच्या मागे पडतो. उपाय म्हणजे नावाच्या आरंभी शून्ये देऊन सर्व क्रमांक एकाच लांबीचे करणे. Mp3tag मध्ये टॅगवरून फाइलनाव बनवण्याची खिडकी Alt+1 ने उघडते आणि तिथे मी हे लिहिते:

```
$num(%track%,3) %title%
```

इथला 3 म्हणजे तीन अंक. 90 फायलींना दोन पुरले असते, पण माझ्याकडे शंभराहून अधिक तुकड्यांची आणखी दोन पुस्तके आहेत आणि सगळ्यांना एकच पद्धत हवी होती. ही नावे बदलल्यावरच सहा फोल्डरांतील फायली एका फोल्डरात आणाव्यात. त्याआधी आणल्यास सहा फायलींचे नाव सारखेच असते आणि एकीवर दुसरी लिहिली जाण्याचा धोका असतो. फाइलनावातले अंक मी इंग्रजीच ठेवते. देवनागरी अंक माणसाला वाचायला चांगले, पण जुन्या उपकरणांत त्यांच्या जागी चौकोन दिसतात. त्याच कारणाने टॅगच्या सेटिंगमध्ये मी ID3v2.3 आणि UTF-16 हा पर्याय निवडला आहे, कारण 2.4 आवृत्ती काही जुन्या प्लेअरना कळत नाही आणि मराठी शीर्षकाच्या जागी त्यांत प्रश्नचिन्हे येतात.

आता आईचा प्लेअर सुधारला, आणि मी मत बदलून चार तारे मनात धरले. दहा दिवसांनी पुन्हा तक्रार आली की 47 वे प्रकरण अगदी शेवटी लागते. नाव 047 ने सुरू होत होते, टॅगमध्येही 47 होता. एवढेच आठवले की ती फाइल मूळ सीडीवर ओरखडा असल्यामुळे खराब उतरली होती आणि मी ती चांगली करून मेमरी कार्डवर नंतर टाकली होती. त्यावरून उलगडा झाला. हा प्लेअर नावेही लावत नव्हता. कार्डावरच्या फॅट पद्धतीच्या यादीत फायलींच्या नोंदी ज्या क्रमाने लिहिल्या गेल्या, त्या क्रमाने तो वाजवत होता. आधीचे सुधारलेले रूप नावांमुळे आले नव्हते. नवी नावे दिल्यावर मी सगळ्या फायली एकदम नव्याने कार्डवर टाकल्या, आणि त्या योगायोगाने क्रमाने गेल्या होत्या.

ही गोष्ट कोणताही टॅग-संपादक दुरुस्त करू शकत नाही, कारण ती फाइलमध्ये नसते, कार्डावर असते. खूण ओळखायला सोपी आहे. नाव आणि टॅग दोन्ही बरोबर असूनही नंतर घातलेली फाइल शेवटी वाजत असेल, तर कारण हेच. फाइल पुसून पुन्हा टाकणे हा खात्रीचा उपाय नव्हे, कारण यादीत रिकामी झालेली जागा नवी नोंद घेते, आणि क्रम आणखी बिघडू शकतो. मी कार्ड फॉरमॅट करते आणि सर्व फायली एकाच आज्ञेने भरते:

```
copy "D:\Kadambari\*.mp3" E:\
```

संगणकाच्या एनटीएफएस डिस्कवर यादी नावाच्या क्रमाने मिळते, म्हणून 001 पासून 090 पर्यंत फायली त्याच क्रमाने जातात. माउसने ओढून टाकताना मात्र ज्या फाइलला पकडले तिथून सुरुवात झालेली मी पाहिली आहे, म्हणून तो मार्ग मी सोडला.

मुखपृष्ठाबद्दल थोडक्यात. संचाच्या पाकिटाचे मी स्कॅन केलेले चित्र 2 एमबीचे होते, आणि चित्र प्रत्येक फाइलमध्ये वेगळे साठवले जात असल्याने 90 फायलींमागे 180 एमबी नुसत्या चित्रांत गेले. 600 बाय 600 पिक्सेलचे, सुमारे 80 केबीचे चित्र केल्यावर तेच 7 एमबीवर आले, आणि फोनमध्ये दिसण्यात काही फरक पडला नाही. जेपीजी जतन करताना 'प्रोग्रेसिव्ह' हा पर्याय बंद ठेवावा, कारण साध्या प्लेअरांत असे चित्र उमटत नाही. माझ्या गाडीच्या स्टिरिओत ते कोरेच राहत होते. चित्र बदलूनही फोनमध्ये जुनेच दिसत असेल, तर प्लेअरने त्याची जुनी प्रत साठवलेली असते. फोल्डर प्लेअरमधून काढून पुन्हा जोडले की नवे येते.

किमतीचा विचार केला तर विंडोजसाठी पैसे लागत नाहीत, मॅकची आवृत्ती विकत घ्यावी लागते. लागत नसतानाही मी या वर्षी स्वेच्छेने देणगी दिली, कारण वर्तुळात फिरणाऱ्या कादंबरीवर मी दोन महिने घालवले होते आणि दुसऱ्या प्लेअरवर पैसे खर्च करण्यापासून वाचले. एक कमतरता आहे: क्रमांक देणाऱ्या खिडकीत 30 कोणत्या फाइलला जाणार हे आधी दिसले असते तर माझी पहिली चूक टळली असती.

परवा आईने सांगितले की ती 063 वर आहे. घरात दुसरा संच आठ सीडींचा आहे आणि त्याच्या पाकिटावर ट्रॅकची यादीच नाही, त्यामुळे त्याचे जोड शोधायला मला आधी सातही जागा ऐकाव्या लागणार आहेत.