तबला की पेटी : पहिल्या वर्षाचा खरा खर्च

आमच्या घरी 2024 च्या जून महिन्यात दोन वाद्ये एकाच आठवड्यात आली. मी तबला शिकायचे ठरवले आणि पत्नीने पेटी. डोंबिवलीतल्या एकाच वर्गात, आठवड्यातून दोनदा आणि महिना बाराशे रुपये अशा सारख्याच शुल्कात आम्ही दोघे शिकू लागलो. प्रत्येक खर्च एकाच वहीत लिहायची सवय असल्यामुळे वर्षअखेरीस दोन्ही वाद्यांचा हिशेब शेजारी शेजारी मांडता आला. भाव गावोगावी आणि दुकानागणिक बदलतात, त्यामुळे पुढचे आकडे एका घरापुरते आहेत असे समजावे. प्रमाण मात्र फारसे वेगळे निघू नये असे वाटते.

खरेदीच्या दिवशी तबलाच स्वस्त वाटतो. शिसवी तबला आणि पितळी डग्गा अशी जोडी मला 8,200 रुपयांना मिळाली, तर सव्वातीन सप्तकांच्या, खर्ज आणि नर असे दुहेरी सूर असलेल्या साध्या पेटीला 17,500 रुपये पडले. पट्ट्या सरकवून सूर बदलता येणारी स्केल चेंजरची पेटी आम्ही जाणूनबुजून टाळली, कारण त्या सरकत्या यंत्रणेमुळे वजन आणि दुरुस्ती दोन्ही वाढतात आणि पहिल्या वर्षी एकाच पट्टीत बोटे बसवायची असताना तिचा उपयोग होत नाही. पेटीबरोबर लाकडी खोका आलाच होता, त्यामुळे धुळीपासून बचाव करणाऱ्या पाचशे रुपयांच्या आच्छादनाशिवाय वेगळे काही लागले नाही. मला पिशवी, हातोडी आणि एक जादा चुंबळ मिळून 1,500 रुपये मोजावे लागले. वर्गाचे शुल्क दोन्हीकडे वर्षाला 14,400.

इथवर तबला सव्वाआठ हजारांनी पुढे होता. पावसाळ्यात हे अंतर कमी होऊ लागले.

तबल्याची पुडी चामड्याची असते आणि दमट हवेत चामडे सैल पडते, हे कोणालाही ठाऊक आहे. पण याचा नवशिक्याला नेमका काय त्रास होतो, हे मला आधी कोणी सांगितले नव्हते. जुलैत सकाळी काळी एक पट्टीला लावलेला तबला अर्ध्या तासात उतरलेला असायचा. वादीखालचे आठ लाकडी गठ्ठे खाली ठोकून तो ढोबळमानाने चढवायचा आणि मग पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके ठोके देत सोळाही घरांचा सूर एक करायचा, हे गुरुजी दोन मिनिटांत करीत. मला वीस मिनिटे लागत आणि तरीही एखादे घर बेसूर राहत असे. सूर उतरवायचा तर गजऱ्यावर खालून वर ठोकायचे असते, हे लक्षात ठेवून हात चालवणे दिसते तितके सोपे नाही. चाळीस मिनिटांच्या रियाजातला निम्मा वेळ अशा रीतीने हातोडीत जाई. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी हातोडी गजऱ्यावरून निसटून थेट पुडीच्या काठावरच्या चाटेवर बसली. पहिल्या दिवशी नखाएवढी दिसणारी चीर तिसऱ्या दिवशी मधल्या काळ्या शाईपर्यंत आली आणि ‘ना’ फुटक्या मडक्यासारखा वाजू लागला.

पुडी बदलायला 1,150 रुपये लागले. ही रक्कम मला खटकली नाही. खटकला तो वेळ. गणपती 7 सप्टेंबरला होते आणि आमच्या भागातल्या कारागिराकडे ढोलकी, पखवाज आणि तबल्यांची रांग लागलेली होती. आठ दिवसांचा वायदा सतरा दिवसांवर गेला. वर्गात तिथला तबला मिळत असल्यामुळे शिकणे थांबले नाही, पण घरचा रियाज पूर्णपणे बंद पडला आणि त्या काळातले पाठ मला डिसेंबरपर्यंत पक्के करता आले नाहीत. खर्चाच्या वहीत याला रकाना नाही. माझा कौल ज्या एका गोष्टीने ठरवला ती हीच : तबला लावता येणे ही स्वतंत्र विद्या आहे, ती यायला वादनापेक्षा जास्त काळ लागतो आणि तोवर नवशिक्या आपलेच वाद्य बिघडवत राहतो.

पुढे एप्रिलच्या उन्हाळ्यात डग्ग्याची पुडीही ताणून तडकली. तिचे 1,300 आणि रिक्षाचे येणेजाणे 400. याहून मोठा खर्च पट्टीचा होता. एक तबला साधारण स्वराच्या एखाद्या पायरीइतकाच वर-खाली होतो, त्यापेक्षा जास्त ओढला तर आवाज तरी मरतो किंवा पुडी तरी जाते. पत्नी पांढरी पाचमध्ये गाते आणि माझा तबला काळी एकचा. तिच्या मध्यमाला किंवा पंचमाला लावून वेळ मारून नेता येतो, पण घरी तिच्या साथीला बसायचे तर षड्जाला बोलणारा, मोठ्या तोंडाचा तबला हवा, असे गुरुजींचे मत पडले. तो दुसरा तबला, डग्ग्याशिवाय, 4,300 रुपयांना आला. वर्षाची बेरीज 31,250.

पेटीलाही दुखणी आहेत. पावसाळ्यात बोटांखालच्या दोन पट्ट्या फुगून अडकल्या आणि आणखी एका पट्टीखाली धुळीचा कण अडकून तिचा सूर स्टॉप उघडताच आपोआप वाजू लागला. घरी येऊन पेटी उघडण्याचे कारागिराने 600 रुपये घेतले. वर्षअखेरीस सुरांची जुळणी करून घेतली, तिचे 1,800. पेटीची बेरीज 34,800 होते. म्हणजे दुकानात 9,300 रुपयांचे दिसलेले अंतर वर्षभरात 3,550 वर आले. घेताना मात्र एक परीक्षा अवश्य करावी. सगळे स्टॉप बंद ठेवून भाता भरावा, थोडे थांबावे आणि पुन्हा मारावा. तो लगेच कडक लागला तर ठीक, सैल लागला तर हवा कुठेतरी गळते आहे. आम्ही पाहिलेल्या पहिल्या पेटीत हाच दोष निघाला आणि दुकानदाराने ती मुकाट्याने बाजूला ठेवली.

एक गोष्ट पेटीच्या विरुद्ध सांगायलाच हवी. ती एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड काढू देत नाही आणि सूर तयार मिळत असल्यामुळे कानाला आळस लागण्याचा धोका आहे. पत्नीला तंबोऱ्याबरोबर गाताना हे जाणवले. ज्यांना मुळातच लयीची ओढ आहे, त्यांनी माझ्या वहीकडे पाहून तबला सोडू नये. परंतु नोकरी सांभाळून रोज अर्धा-पाऊण तास काढणाऱ्या, शेजारी तबला लावून देणारे कोणी नसलेल्या प्रौढ विद्यार्थ्याला मी पेटीकडेच वळवीन. पेटीने वर्षभरात एकूण दोन दिवस रियाज चुकवला, तोही पट्ट्या अडकल्या म्हणून.

तरीही तबलाच घ्यायचा असेल, तर जूनमध्ये घेऊ नये. दिवाळी झाल्यावर हवा कोरडी झाली की घ्यावा, म्हणजे हातोडीचा हात बसायला पावसाआधी सहा-सात महिने मिळतात. शक्य असल्यास गुरुजींना दुकानात सोबत न्यावे आणि दोन पट्ट्यांचे दोन तबले, एक डग्गा असा भाव सुरुवातीलाच ठरवून घ्यावा. दुसरा तबला नंतर एकटा घेताना मला घासाघीस करायला काही जागाच उरली नव्हती.