भिंतीवरचे पीएफचे प्रमाणपत्र आणि पगारातून जाणारे १,८०० रुपये

घाऊक माल पुरवणाऱ्या एका कौटुंबिक पेढीत मी हिशेबाचे काम करत होतो. पेढीचे नाव येथे देत नाही, कारण माझी तक्रार भविष्य निर्वाह निधीच्या कार्यालयात अजून चौकशीत आहे. मात्र फसवणुकीची रीत इतकी साधी आहे, की अशा ठिकाणी नोकरी धरू पाहणाऱ्यांनी ती आधीच ओळखावी.

मुलाखतीच्या वेळी मी पीएफबद्दल विचारले, तेव्हा शेठजींनी भिंतीवर फ्रेम करून लावलेले नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवले. नियुक्तीपत्राचा विषय काढल्यावर ते म्हणाले, "आपल्याकडे सगळं घरच्यासारखं आहे, कागद कशाला हवेत?" प्रमाणपत्र खरे होते. पण ते वडिलांच्या नावाच्या पेढीचे होते आणि माझा पगार मुलाच्या नावावरच्या दुसऱ्याच फर्मच्या खात्यातून येत असे. सुनेच्या नावाची तिसरी फर्मही त्याच गोदामातून चाले. माणसे तीच, फाटक एक, हजेरीचे मस्टरही एकच. फक्त कागदावर ती तिघांत वाटलेली होती.

या वाटणीमागचे कारण सरळ आहे. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेला लागू होतो, म्हणून प्रत्येक फर्ममध्ये वीसच्या आत माणसे दाखवली जातात. याच कायद्यानुसार एकाच आस्थापनेचे विभाग आणि शाखा मिळून एकच आस्थापना धरली जाते, परंतु मालक, जागा, पैसा आणि माणसे एकच आहेत हे कोणी दाखवून दिल्याशिवाय ते आपोआप उघडकीस येत नाही. वीसपेक्षा कमी माणसांच्या खऱ्याखुऱ्या छोट्या पेढीत पीएफ नसणे हा गुन्हा नव्हे, आणि तसे स्पष्ट सांगणाऱ्या मालकाबद्दल माझी काही तक्रार नाही. पीएफच्या नावाने पगार कापायचा आणि तो भरायचा नाही, ही मात्र उघड लबाडी आहे.

माझ्या पगारपत्रकावर दर महिन्याला १,८०० रुपयांची कपात छापलेली असे, म्हणजे १५,००० रुपयांच्या मूळ वेतनावर १२ टक्के. तेवढीच रक्कम मालकाने स्वतःच्या खिशातून घालायची असते. त्यातील १,२५० रुपये पेन्शन योजनेत जातात आणि उरलेले सुमारे ५५० आपल्या पीएफ खात्यात येतात. म्हणजे वर्षभरात माझ्या खात्यात व्याज सोडून साधारण २८,२०० रुपये जमा व्हायला हवे होते आणि पेन्शनसाठी १५,००० निराळे. प्रत्यक्षात खातेच उघडलेले नव्हते. पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक मागितला, की मुनीमजी "पोर्टल बंद आहे" असे सांगत.

रजेचेही तेच. "लागेल तेव्हा घ्या" हे तोंडी आश्वासन तापाने आजारी पडलो त्या महिन्यात बिनपगारी कपातीत बदलले, आणि मस्टरवर रजेचा रकानाच नसल्यामुळे वाद घालायला काही हाती नव्हते.

खरी स्थिती मला एका जुन्या सहकाऱ्यामुळे कळली. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या, म्हणजे ईपीएफओच्या, संकेतस्थळावर Establishment Search मध्ये फर्मचे नाव किंवा कोड टाकला, की नोंदणी दिसते आणि त्याखाली कोणत्या महिन्याची किती रक्कम, किती कर्मचाऱ्यांसाठी, कोणत्या तारखेला भरली याची यादी उघडते. लॉगिनची गरज नसते, त्यामुळे नोकरी स्वीकारण्यापूर्वीही हे पाहता येते. वडिलांच्या पेढीसमोर सहा कर्मचारी होते, बहुधा घरचीच माणसे आणि मुनीमजी. मुलाच्या फर्मची नोंदच सापडली नाही. गोदामात डोळ्यांना दिसणारी माणसे आणि त्या यादीतला आकडा यांत एवढी तफावत असेल, तर तिथेच थांबून प्रश्न विचारावा. दुसरा प्रश्न, पगार नेमका कोणत्या फर्मच्या खात्यातून येणार आणि प्रमाणपत्र त्याच फर्मचे आहे का. रुजू झाल्यावर मालकाने मागील महिन्याची रक्कम पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, त्यामुळे दोन पगार झाले तरी पासबुकात नोंद नसेल, तर "पुढच्या महिन्यात होईल" हे ऐकून घेऊ नये.

मी राजीनामा दिल्यावर शेठजींनी कापलेली रक्कम रोख परत देऊ केली, पण त्यासोबत "माझा संपूर्ण हिशेब चुकता झाला" अशी छापील चिठ्ठी सहीसाठी पुढे सरकवली. मालकाचा हिस्सा, व्याज आणि पेन्शनचा सेवाकाळ या सगळ्यावर त्या एका सहीने पाणी सोडल्याचा पुरावा तयार झाला असता. मी सही केली नाही आणि ईपीएफओच्या EPFiGMS या तक्रार पोर्टलवर तक्रार नोंदवली. कपात दाखवणारी पगारपत्रके, मुलाच्या फर्मचे नाव असलेला बँकेचा उतारा आणि मस्टरच्या पानांचे फोटो जोडले. कामगाराकडून कापलेला हिस्सा न भरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली विश्वासघाताचा गुन्हा ठरतो, हे त्यांना कळल्यापासून मुनीमजींचे फोन सुरू झाले आहेत. नियुक्तीपत्र हाती नसल्याने मी कोणत्या फर्मचा नोकर होतो, एवढाच वाद ते आता घालत आहेत, आणि त्यावर बँकेचा तो उतारा हाच माझा मुख्य आधार आहे.