सीओच्या अभ्यासासाठी दोन वेळापत्रकं: युनिट वाटून की सगळे मिळून?

मित्र-मैत्रिणींनो, पीएल सुरू होतेय आणि कॉम्प्युटर ऑर्गनायझेशनसाठी ग्रुपवर दोन प्रस्ताव आलेत. दोन्ही चालण्यासारखे आहेत, पण सीआर म्हणून मला काय वाटतं ते मतदानाआधी सांगतो.

पहिला प्रस्ताव युनिट वाटून घेण्याचा. प्रत्येक युनिट दोघांनी नीट तयार करायचं आणि संध्याकाळी फळ्यावर बाकीच्यांना समजवायचं. वेळ वाचतो, नोट्स आपोआप तयार होतात. हार्डवायर्ड आणि मायक्रोप्रोग्रॅम्ड कंट्रोलमधला फरक, डीएमए, इंटरप्ट अशा थिअरीला ही पद्धत चांगलीच आहे. दुसऱ्या प्रस्तावात वाटणी नाही. रोज एकच प्रकार घ्यायचा, सगळ्यांनी तेच न्युमरिकल न बोलता आपापल्या वहीत सोडवायचं, मग शेजाऱ्याशी वही बदलून ओळीओळीने तपासायचं. याला वेळ जास्त लागतो आणि पहिल्या दिवशी फार काही झाल्यासारखं वाटत नाही.

मागच्या सेमला डिजिटलसाठी आमच्या गटाने पहिला मार्ग घेतला होता. त्यातली एक गोष्ट मला अजून खटकते. फळ्यावर कुणी भराभर सोडवत असतं तेव्हा प्रत्येक पायरी पटते, माना डोलतात, आणि आपल्याला कुठे येत नाही हे कुणालाच कळत नाही. ते नंतर, एकट्याने पेन हातात घेतल्यावर कळतं. सीओमध्ये हे जास्त महागात पडेल असं वाटतं, कारण इथल्या चुका बारीक असतात.

बूथचंच घ्या. M = 7 म्हणजे 0111 आणि Q = 3 म्हणजे 0011. दर फेरीला Q चा शेवटचा बिट आणि Q-1 पाहायचे: 10 असेल तर A मधून M वजा, 01 असेल तर मिळवायचा, 00 किंवा 11 असेल तर नुसता शिफ्ट.

```
A     Q     Q-1
0000  0011  0    सुरुवात
1001  0011  0    A-M
1100  1001  1    शिफ्ट
1110  0100  1    शिफ्ट
0101  0100  1    A+M
0010  1010  0    शिफ्ट
0001  0101  0    शिफ्ट
```

शेवटी A आणि Q जोडून 00010101, म्हणजे 21. आता तिसरी ओळ बघा. 1001 उजवीकडे सरकवताना डावीकडे पुन्हा 1 येतो, कारण हा अरिथमेटिक शिफ्ट आहे आणि साइन बिट टिकवायचा असतो. सवयीने तिथे 0 भरला आणि पुढेही प्रत्येक वेळी 0च भरत गेलात, तर बाकी सगळं बरोबर करूनही शेवटी 00100101, म्हणजे 37 येतं. फळ्याकडे बघताना तो 1 कुठून आला असं सहसा कुणी विचारत नाही. शेजाऱ्याच्या वहीत 37 दिसलं की मात्र नेमकी ओळ सापडते, आणि ज्याने ती शोधली त्याच्याही डोक्यात ती पक्की बसते.

कॅश मॅपिंगचंही तसंच. 64 केबी मेमरी, 1 केबी डायरेक्ट मॅप्ड कॅश, 16 बाइटचा ब्लॉक, बाइट अ‍ॅड्रेसिंग. अ‍ॅड्रेस 16 बिटचा, त्यातले ऑफसेटला 4. लाइन्स 64, म्हणून इंडेक्सला 6, आणि उरलेले 6 टॅगला. मेमरीतल्या ब्लॉक्सवरून इंडेक्स काढला तर तो 12 बिटचा होतो आणि टॅगला काहीच उरत नाही. तपासणाऱ्याने टॅगचा रकाना पाहिला तरी चूक पकडता येते.

एक मान्य करायला हवं: ज्यांचे लेक्चर बरेच बुडालेत त्यांना दुसरी पद्धत सुरुवातीला जड जाईल. त्यांनी आदल्या रात्री तेवढी एक पद्धत वाचून यावी, आणि ज्यांना जमतं त्यांनी अर्धा तास लवकर येऊन त्यांच्याबरोबर बसावं.

सगळ्यांना चालणार असेल तर असं करूया. सोमवारी बूथ आणि नॉन-रिस्टोरिंग डिव्हिजन, मंगळवारी फ्लोटिंग पॉइंट, बुधवारी कॅश, गुरुवारी पाइपलाइन, हे चारही दिवस वही बदलून. शुक्रवारी थिअरी, ती पहिल्या पद्धतीने वाटून, म्हणजे ज्यांनी नोट्स काढायला सुरुवात केलीय त्यांची मेहनत वाया जाणार नाही. शनिवारी एक जुना पेपर, वेळ लावून. रोज संध्याकाळी सहा ते साडेआठ, चार-चारचे गट. मुक्कामाच्या एसटीने जाणाऱ्यांना ही वेळ जमत नसेल तर मला वैयक्तिक मेसेज करा, त्यांचा गट दुपारी तीनला बसवू.

खाली पोल टाकतोय. उद्या दुपारपर्यंत मत द्या, म्हणजे मला रीडिंग हॉलशेजारच्या वर्गाची परवानगी मागता येईल.